अनुभव धागा : गणपतीतला स्टॉल, आलूबोंडा-तर्री आणि "उद्या किती भिजवायचं?"

महालची माई
कपाट आवरताना भाच्याच्या कॉलेजातल्या चौकडीची वही सापडली, म्हणून हा धागा. मंडळाच्या मांडवाबाहेर संध्याकाळी ६ ते ११ त्यांचा आलूबोंडा-तर्रीचा स्टॉल असायचा. पहिल्या वर्षाच्या पानांवर नुसते आकडे, "शनिवार १४० प्लेट". दुसऱ्या वर्षी तेवढ्याच हिशोबानं माल भरला आणि पुन्हा माल संपून लोक परत गेले. कारण तो १४० खपाचा आकडा होता, मागणीचा नव्हे. त्या शनिवारी पावणेनऊलाच गंज रिकामा झाला होता!

मग पोरांनी रविवारचं पान काढलं. त्या दिवशी माल शेवटपर्यंत पुरला होता. एकूण २६० प्लेट, त्यातल्या १३० पावणेनऊपर्यंत, म्हणजे निम्म्या. शनिवारचे १४० सुद्धा निम्मेच धरले तर खरी मागणी २८० च्या आसपास. तर्रीला प्लेटमागे २५ ग्रॅम कोरडे हरभरे, म्हणजे ७ किलो. तेव्हापासून वहीत माल किती वाजता संपला ते लिहायला लागले.

तुमच्याकडे काय लिहून ठेवतात?

तर्रीबाज
माई, अंदाज फक्त हरभऱ्याचा लावायचा. ते आदल्या रात्री भिजतात, ऐनवेळी वाढत नाहीत. आलू दुपारी ठरवले तरी चालते, आणि बेसन तर कढईजवळच कालवायचं. एक किलो आलूत साधारण २० बोंडे, प्लेटला दोन. बाकी तर्री झणझणीत पाह्यजे, नाहीतर सगळं गणित पाण्यात 😄

काटोल रोड
सोपं आहे. मागच्या वर्षीच्या पाचव्या दिवसाचा आकडा, त्यावर दहा टक्के. आपण दरवर्षी तेच करून राहिलो.

वहीवाला
@काटोल रोड भाऊ, दहा टक्के जादा ठेवणं बरोबर, पण पाचव्या दिवसावर नको. गणपती तिथीनं येतात. मागच्या वर्षी पाचवा दिवस शनिवारी आला असेल, यंदा बुधवारी येईल. शनिवारला शनिवारच लावा. शेवटचे दोन दिवस वेगळे ठेवा, ती गर्दी वाराचं ऐकत नाही. आणि पानाच्या कोपऱ्यात पाऊस कधी आला ते लिहा. सातला आलेली सर आणि दहाला आलेली सर, दोन्हीचा खप एकसारखा पडत नाही.

माई, एक शंका. रविवारी लोक लवकर येतात, सोमवारी ऑफिस असते. शनिवारी उशिरा बाहेर पडतात. म्हणजे शनिवारी पावणेनऊपर्यंत निम्म्याहून कमीच खप झाला असेल. २८० कमीच पडतील.

महालची माई
असेल बाप्पा. वहीत पुरा माल असलेला एकही शनिवार नाही, मग पडताळायचं कसं?

इतवारीची सून
महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी निम्माच माल भरा! दुपारी पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या खाल्लेला माणूस संध्याकाळी बोंडा कशाला खाईल 😂 आमच्याकडे यंदा ३५ पानं आहेत, कोणी चांगला वाढपी सांगेल का?

तर्रीबाज
@इतवारीची सून वाढपी नाही, पण जेवायला येतो न.

कढई नं. १
कोणी कढईकडे पाहूनच नाही राहिलं. एका घाण्यात २० बोंडे, घाणा ६ मिनिटांचा. म्हणजे तासाला १०० प्लेट, त्यावर जाणारच नाही. वहीत ८ ते ९ आणि ९ ते १० दोन्हीकडे शंभराच्या आसपास दिसत असेल, तर तो गर्दीचा नाही, कढईचा आकडा आहे. लाईन पाहून लोक पुढे जातात, ते वहीत येतच नाहीत. अशा वेळी हरभरे वाढवून फायदा नाही, दुसरी कढई लावा.

नवीन_सदस्या
पण माणसं मोजायची कशी? आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला पाणीपुरी लावायची आहे. गेटवर किती पास गेले ते विचारू का?

वहीवाला
पासवर जाऊ नका. दर तासाला पंधरा मिनिटं एकाला स्टॉलसमोर उभं करा, जाणाऱ्यांच्या रेघा मारायच्या. तेवढ्याच वेळात किती प्लेट गेल्या ते बाजूला. बारामागे एक घेत असेल तर तो बारा तुमचा. दुसऱ्या जागी तो लागू होत नाही, रांगेचं तोंड फिरलं तरी बदलतो. पाणीपुरीचं मला नाही माहीत.

इतवारीची सून
भिजलेले हरभरे उरले तर? या दमट हवेत सकाळपर्यंत फेस येतो आणि आंबूस वास.

तर्रीबाज
फेस आला की फेका. उरतील असं वाटलं तर रात्रीच उपसा, उकडा, गार करून फ्रिजात. दुसऱ्या दिवशी तर्रीत चालतात. आलूचा मसाला मात्र ठेवू नका, कांदा पडला की लवकर खराब होतो.

काटोल रोड
बरं, यंदा वार बघून लावतो. दहा टक्के मात्र सोडणार नाही 🙏