मदत हवी आहे: खाज आणि दह्यासारखा पांढरा स्राव

सायली_ठाणे: घशाच्या संसर्गासाठी अँटिबायोटिकचा कोर्स झाला. तो संपता संपता खाली प्रचंड खाज सुटली. अंगावरून पांढरं जातंय, घट्ट, फुटलेल्या दह्यासारखं. वास नाही. लघवी करताना बाहेरच्या त्वचेला झोंबतं. मेडिकलवाल्याने खाजेची ट्यूब दिली. लावली की दोन-तीन तास बरं वाटतं, मग पुन्हा तेच. हे यीस्ट इन्फेक्शनच असेल का? फ्लुकोनॅझोलची गोळी घेऊन टाकू का?

मीनाताई: अगं, उष्णतेने होतं हे. तुरटीच्या पाण्याने आतून धू, सब्जा खा. आम्ही हेच करायचो.

वॉर्ड_सिस्टर: मीनाताई, आतून धुणं नको. तिथले चांगले जंतूच यीस्टला आवर घालतात. अँटिबायोटिकने तेच कमी झालेत, तुरटीने आणखी जातील. बाहेरून साधं पाणी पुरे. सुगंधी वॉशही नको.

सायली, लक्षणं यीस्टचीच वाटतात. पातळ, राखाडी, माशासारख्या वासाचा स्राव असता तर औषध वेगळं लागलं असतं. त्या ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का बघ. ही स्टिरॉइड्स खाज दाबतात, पण बुरशी वाढत राहते. आणि गोळीआधी सांग, पाळी वेळेवर आली का?

सायली_ठाणे: क्लोबेटासोल आहे! पाळी थोडी लांबली आहे, आजारपणामुळे असेल.

वॉर्ड_सिस्टर: मग ट्यूब बंद, आणि आधी घरीच प्रेग्नन्सी टेस्ट कर. गरोदरपणात फ्लुकोनॅझोल टाळतात. तेव्हा क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची गोळी देतात, साधारण सात रात्री, तीही डॉक्टरांना विचारूनच. टेस्ट निगेटिव्ह आली तर बहुधा १५० मिग्रॅची एकच गोळी पुरते, पण तुझी पहिलीच वेळ असेल तर तपासूनच घे. दुसरी काही औषधं चालू असतील तर तीही सांग.

रेवा७८: मला वर्षातून चार-पाचदा व्हायचं. दर वेळी मेडिकलमधून गोळी आणायचे. शेवटी डॉक्टरांनी साखर तपासली, तर मधुमेह निघाला. साखर आटोक्यात आल्यावर हे बरंच कमी झालं. सायली, तूही तपासून घे.

वॉर्ड_सिस्टर: सायलीच्या बाबतीत कारण समोर दिसतंय, पण पुन्हा पुन्हा झालं तर साखर तपासायलाच हवी. आठवड्यात फरक पडला नाही तरी स्रावाचा नमुना तपासावा लागतो. आणि ताप, ओटीपोटात दुखणं, फोड किंवा मध्येच रक्त, यातलं काही दिसलं तर आठवडाभर थांबू नकोस, लगेच दाखव.

सायली_ठाणे: टेस्ट केली. अगदी पुसटशी दुसरी रेघ आहे. आता काय?

वॉर्ड_सिस्टर: पुसट रेघही पॉझिटिव्हच धर. गोळी घेऊ नकोस. उद्याच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव आणि ती ट्यूब सोबत ने.

सायली_ठाणे: नवऱ्यालाही औषध लागेल का?

मीनाताई: दोघांनीही घ्यायचं असतं ना?

वॉर्ड_सिस्टर: त्यांना खाज किंवा लाल चट्टे नसतील तर सहसा नाही. असतील तर त्यांनाही तपासू दे. तोवर सुती, सैल कपडे घाल. रात्री फार खाज आली तर गार पाण्याची घडी बाहेरून ठेव.