मदत हवी आहे: टायपिंग अ‍ॅपवर २६ शब्द जमतात, ऑफिसात मात्र नजर कीबोर्डवर जाते

सांजवेळ:
नमस्कार मंडळी. मी ४३ वर्षांची आहे, एका ट्रस्टच्या ऑफिसात हिशोब आणि पत्रव्यवहार बघते. लॅपटॉपवर सगळं इंग्रजीत. इतकी वर्षं दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांनी, खाली बघून टाइप करत आले. मिनिटाला ३० शब्द सहज व्हायचे, पण मान फार दुखायला लागली म्हणून न बघता टाइप करायचं शिकायला घेतलं.

आधी टायपिंगक्लबचे सुरुवातीचे धडे केले, मग keybr.com वर आले. रोज रात्री २० मिनिटं, आता नऊ आठवडे झाले. सगळी अक्षरं उघडली आहेत आणि वेग २६ च्या आसपास असतो, तोही खाली न बघता. पण सकाळी ऑफिसात पावती किंवा पत्र करायला बसलं की दुसऱ्याच शब्दाला नजर खाली जाते आणि बोटं जुन्या सवयीवर येतात. अ‍ॅप बदलू का? पैसे भरून एखादं घेतलं तर फरक पडेल का?

शाईदौत:
ताई, अ‍ॅपच्या नादी लागू नका. मी मशीनवर ३० आणि ४० दोन्ही परीक्षा दिल्यात. आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये पहिला महिना हेच होतं:

```
asdfgf ;lkjhj
```

पानंच्या पानं. कीबोर्डवर रुमाल टाका आणि हे रोज चार पानं करा. नजर आपोआप वर राहील.

पाणंद:
तुम्ही मोबाइलवरचं बोलून टाइप करायचं का नाही वापरत? मी सगळे मेसेज तसेच करतो, एकदम भारी चालतं.

सांजवेळ:
@पाणंद, ऑफिसात शेजारी माणसं असतात आणि पावतीतले आकडे, नावं बोलून नीट येत नाहीत. मला बोटांनीच शिकायचं आहे.
@शाईदौत काका, रुमाल टाकून बघितला. अक्षरं येतात, पण आकड्यांना रुमाल उचलावाच लागतो.

गवाक्ष:
सांजवेळ, मी ऑफिसातल्या लोकांना टायपिंग शिकवते, म्हणून आधी दोन गोष्टी विचारते.

एक, कॅपिटल अक्षर काढताना तुम्ही कोणतं शिफ्ट दाबता? आठवून सांगू नका, खरंच टाइप करताना बघा. दोन, monkeytype.com वर एक मिनिटाची चाचणी आधी साधी द्या. मग वरच्या पट्टीत `punctuation` आणि `numbers` चालू करून पुन्हा द्या. दोन्ही आकडे इथे लिहा.

सांजवेळ:
साधी २५. दुसरी १४! आणि शिफ्टचं बघितलं, मी कायम डावंच दाबते. ए असेल तर कॅप्स लॉक लावते, ए दाबते, परत कॅप्स लॉक काढते. हे मला आजपर्यंत कळलंच नव्हतं.

गवाक्ष:
मग दुखणं इथेच आहे. keybr तुम्हाला सुरुवातीला ई, एन, आय, ए, आर, एल अशी सहा अक्षरं देतं आणि वेग जमेल तसं एकेक अक्षर वाढवतं. अक्षरं पक्की करायला ही पद्धत मला फार आवडते. पण तिथला नेहमीचा सराव छोट्या लिपीतला असतो. कॅपिटल, स्वल्पविराम, आकडे तुम्ही स्वतः सुरू केल्याशिवाय येत नाहीत. ऑफिसात तर प्रत्येक ओळीत तेच असतात. तुमच्या पावतीची एक ओळ घेऊ, नाव मनातलं:

```
Receipt No. 214, Shri A. B. Patil, Rs. 12,500/-
```

यात सात कॅपिटल आहेत. त्यातली आर, एस, ए, बी आणि पुन्हा आर, अशी पाच डाव्या हाताची. ती काढताना तुमची डावी करंगळी डाव्या शिफ्टवर गेली की अख्खा पंजा खाली सरकतो. ए तर करंगळीचंच अक्षर, म्हणून तिथे कॅप्स लॉकशिवाय गत्यंतर नाही. पंजा परत येतो तेव्हा तर्जनी एफवर न बसता शेजारच्या कळीवर बसते, पुढचं अक्षर चुकतं आणि नजर खाली जाते. तुम्ही खाली बघता ते हात कुठे आहे हे कळेनासं होतं म्हणून.

उपाय असा: अक्षर डाव्या हाताचं असेल तर शिफ्ट उजव्या करंगळीने, अक्षर उजव्या हाताचं असेल तर डाव्या. कॅप्स लॉकला हात लावायचा नाही. प्रत्येक कॅपिटलनंतर एफ आणि जे वरचे उंचवटे तर्जनीला लागले का, हे बघून मगच पुढचं अक्षर. पहिले चार दिवस अगदी हळू होईल, ते होऊ द्या.

अ‍ॅप बदलू नका. keybr च्या सेटिंगमध्ये कॅपिटल आणि विरामचिन्हं वाढवायच्या पट्ट्या आहेत, त्या थोड्या पुढे सरकवा. तिथेच `Stop cursor on error` आहे, ते चालू ठेवा, म्हणजे चूक झाली की बरोबर कळ दाबेपर्यंत पुढे जाता येत नाही. दहा मिनिटं हे. उरलेली दहा मिनिटं monkeytype च्या `custom` मध्ये तुमच्याच पावत्यांसारख्या वीस ओळी टाकून. खऱ्या देणगीदारांची नावं आणि रकमा मात्र बाहेरच्या साइटवर टाकू नका, नावं बदला.

काकांची ओळ चुकीची नाही, मधल्या रांगेसाठी छानच आहे. पण तिच्यात शिफ्टही नाही आणि आकडेही नाहीत. ताईंची मधली रांग केव्हाच बसली आहे.

शाईदौत:
शिफ्टचं बरोबर आहे. आमच्याकडे विरुद्ध हाताचं शिफ्ट लावलं नाही तर सर पान परत करायला लावायचे.

चिंचपाणी:
मला मराठी टायपिंग करायचं आहे, इनस्क्रिप्ट. त्याला इंग्रजीचा हा सराव उपयोगी पडेल का?

गवाक्ष:
@चिंचपाणी, अक्षरांच्या जागा सगळ्या वेगळ्या. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. कोणत्या कळीला कोणतं बोट आणि विरुद्ध हाताचं शिफ्ट, एवढं जसंच्या तसं कामाला येतं. शिफ्ट तर जास्तच लागतं, कारण ख, घ, थ, ध ही सगळी शिफ्टमधली. वेगळा धागा काढा, तिथे लिहिते.

ताडपत्री:
आकड्यांसाठी माझं मत, यूएसबीचा वेगळा नंबरपॅड घ्या. लॅपटॉपच्या वरच्या रांगेवर न बघता आकडे मला पाच वर्षांत जमले नाहीत, पॅडवर आठवड्यात जमले. आणि ऑफिसात साइट बंद असतील तर क्लावारो टाकून घ्या, फुकट आहे आणि नेट लागत नाही.

गवाक्ष:
नुसते रकमांचे रकाने भरायचे असतील तर पॅड उत्तमच. पण ओळीच्या मध्ये १२,५०० आलं की उजवा हात उचलून पॅडवर न्यायचा आणि परत आणायचा. मी वरची रांगच शिकवते. यावर आमच्या बॅचमध्येही दोन तट आहेत.

सांजवेळ:
गवाक्षताई, १६ दिवस झाले. दोन्ही खुणा चालू करून काल १९ आले. ए साठी उजवं शिफ्ट आता आपसूक जातं, बी ला अजून चुकते. परवा एक अख्खं पत्र खाली न बघता झालं, फक्त तारखेला बघितलं. पण महिनाअखेरीला ढीगभर पावत्या असतात. त्या दोन दिवसांपुरतं जुन्या पद्धतीने केलं तर चालेल का?

गवाक्ष:
मी नाही म्हणेन. पावत्या जुन्या पद्धतीने करायच्याच झाल्या तर निदान शिफ्ट बरोबर हाताने लावा.

ताडपत्री:
माझं उलट आहे. मी दोन महिने दोन्ही पद्धती चालवल्या, सकाळी पत्रं नवीन पद्धतीने, घाईचं काम जुन्या. काही बिघडलं नाही. काम अडलं तर साहेब सरावाची सबब ऐकून घेत नाहीत.

सांजवेळ:
३१ तारखेला काय केलं आणि काय झालं ते इथेच लिहीन.