‘पैसे कापलात’ याला उत्तर देताना: नावे, वजा की परतावा?

खानापूरची: आमचं कापडाचं दुकान आहे. १२ मार्चला एका बाईंनी साडीचे १,८५० रुपये यूपीआयनं दिले. पहिल्यांदा फोनवर नुसतं गोल फिरत राहिलं, म्हणून दुसऱ्यांदा दिले. त्यांच्या खात्यातून दोन्ही वेळा गेले, आमच्याकडे एकदाच आले. १५ तारखेला मेसेज आला, ‘तुम्ही दोनदा पैसे कापलात.’ भावानं लिहिलेलं उत्तर असं:

‘आम्ही काहीही कापलेले नाही. दोष आपल्या फोनचा आहे. आपला वादग्रस्त व्यवहार तपासला असून १,८५० रुपये एकदाच आपल्या नावे पडले आहेत. परतावा बँक देईल.’

अजून पाठवलेलं नाही. मला ‘वादग्रस्त’ खटकतंय. दुसरा शब्द सुचवा.

टिळकवाडी: ‘वादग्रस्त’ म्हटलं की सीमाप्रश्नच आठवतो! ‘आपण हरकत घेतलेला व्यवहार’ म्हणा. ‘कापले’च्या जागी ‘वजा झाले’. बाकी ठीक आहे. परतावा दुकानानं दिला काय नि बँकेनं दिला काय, पैसे परत मिळाल्याशी मतलब.

निपाणीवाला: माझे मागं एटीएममधून ५,००० गेले, नोटा बाहेर आल्याच नाहीत. चार दिवसांनी आपोआप जमा. त्यांना म्हणावं, गप बसा, येतील.

जुना हिशेबनीस: निपाणीवाले, तुमचं मशीन होतं, इथं मध्ये दुकानदार आहे. बाई बँकेकडे नाही, दुकानाकडे बोट दाखवतायत.

ताई, ‘वादग्रस्त’पेक्षा ‘आपल्या नावे’ जास्त घातक आहे. पतसंस्थेत आम्ही ‘नावे’ म्हणजे खात्यातून गेले असं लिहितो. गिऱ्हाईक वाचणार, ‘माझ्या नावावर पडले’, म्हणजे मिळाले! मग ती पासबुक काढून भांडणार. कुणाच्या खात्यातून गेले आणि कुणाच्या खात्यात जमा झाले, एवढं सरळ लिहा.

टिळकवाडीकर, परताव्याचं मात्र पटत नाही. दुकानाकडे पैसे आले आणि दुकानानं परत पाठवले, तर तो परतावा. दुकानापर्यंत पोचलेच नाहीत, तर बँक रक्कम परत फिरवते. दोन्हीला एकच शब्द वापरला की बाई रोज दुकानाच्या पायरीवर.

खानापूरची: पण पोचले नाहीत हे ठरवायचं कसं? ॲपमध्ये एकच ‘सक्सेस’ दिसतंय.

जुना हिशेबनीस: नुसत्या ॲपवर जाऊ नका, बँकेचा खातेउतारा बघा, आणि तोही पाठवायच्या आधी पुन्हा. अडकलेला व्यवहार उशिरानं जमा होतो कधीकधी. तसं झालं असेल तर पैसे तुमच्याकडे आहेत आणि परतावा तुम्हीच द्यायचा. बाईंकडून पहिल्या व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, मागा. नुसत्या रकमेवरून शोधलं तर त्याच दिवशी १,८५०ची दुसरी साडी विकलेली निघायची.

चिकोडी_रोड: ‘वजा’वर एक शंका. आमच्या ऑफिसात निम्मी माणसं कन्नड बोलणारी. कन्नड बातम्यांत अर्ज ‘वजा’ झाला म्हणजे फेटाळला, नोकरीतून ‘वजा’ म्हणजे काढून टाकलं. मी एकदा ‘रक्कम वजा’ लिहिलं तर शेजारचा म्हणाला, तक्रार फेटाळलीत होय? त्यांच्याकडे ‘कडित’ म्हणतात, ते आपल्या ‘कपात’च्या जवळचं.

टिळकवाडी: मराठी पत्रात मराठी अर्थच धरायचा की! ‘कपात’ म्हटलं तर पगारकपात वाटते.

जुना हिशेबनीस: ‘खात्यातून गेले’ म्हणा, दोघांनाही कळतं. मी असं लिहीन:

‘नमस्कार. १२ मार्चला आपल्या खात्यातून १,८५० रुपये दोनदा गेल्याचे आपण कळवलेत. आम्ही १५ मार्च, संध्याकाळी ६ पर्यंतचा खातेउतारा पाहिला. सकाळी ११:४४ची रक्कम आमच्या खात्यात जमा आहे, यूटीआरचे शेवटचे अंक ४४१७. त्याआधीची, ११:४२ची रक्कम जमा झालेली दिसत नाही. तिचा यूटीआर कळवावा, म्हणजे पुन्हा शोधतो. आमच्याकडे सापडल्यास आम्ही परत करू. आमच्यापर्यंत पोचलीच नसेल, तर ती १७ मार्चपर्यंत आपल्या खात्यात आपोआप परत यायला हवी. न आल्यास तोच यूटीआर देऊन आपल्या बँकेत तक्रार नोंदवावी. पिन किंवा ओटीपी कुणालाही, आम्हालाही, सांगू नये.’

फोनचा दोष काढला. तो आपण पाहिलेला नाही.

खानापूरची: १७ कुठून आली?

जुना हिशेबनीस: रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियम. दुकानाला दिलेले पैसे असे अडकले, तर व्यवहाराच्या तारखेपासून पाच दिवसांत ते आपोआप परत फिरायला हवेत. पुढे उशीर झाला तर बँकेकडून दिवसाला १०० रुपये भरपाई.

टिळकवाडी: मग ते १०० रुपयेही पत्रात घाला ना, बाई खूश होतील.

जुना हिशेबनीस: दुसऱ्याच्या खिशातल्या पैशाचं आपण कशाला बोलायचं?

चिकोडी_रोड: मी तर घालेन. त्यांना हक्क कळू दे की.

खानापूरची: भाऊ म्हणतोय, ‘आम्ही काहीही कापलेले नाही’ हे वाक्य तरी राहू दे. आधी उतारा काढायला पाठवलंय त्याला.