मदत हवी आहे : रोटाव्हेटरचं पिनियन आत का ओढलं जातंय?

राजेहो, वणीजवळ आपलं लहानसं वर्कशॉप आहे. एका रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्समध्ये 15 आणि 30 दातांची सरळ बेव्हल जोडी होती, तिच्या जागी तेवढ्याच दातांची स्पायरल जोडी बसवली. पिच कोन तेच, 26.6 आणि 63.4 अंश. सरळ दातांत शाफ्ट कसाही फिरो, पिनियनवरचा जोर शंकूच्या टोकापासून बाहेरच जायचा. आता लोड येताच पिनियन क्राउनमध्ये घुसतं, बॅकलॅश संपतो, तेल तापतं.

पिनियन डाव्या हाताचं आहे अन् मोठ्या टोकाकडून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. माझ्या हिशेबानं उजव्या हाताचं हवं होतं. बरोबर ना? मग क्राउनही डाव्या हाताचा घ्यावा लागेल, म्हणजे पूर्ण जोडीच गेली. की मागचं टेपर बेअरिंग बदलून, शिम लावून हा हंगाम निघेल?