शाळेच्या ईआर डायग्राममध्ये विद्यार्थी ते शिक्षक अशी थेट रेघ हवी का?

ऋतुजा, विश्रामबाग: मी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला सांगलीतल्या एका शाळेचा डेटाबेस घेतलाय. विद्यार्थी, शिक्षक आणि विषय अशा तीन एंटिटी काढल्या आणि प्रत्येक दोघांमध्ये मेनी-टू-मेनी रेघ ओढली. विद्यार्थी-विषय, शिक्षक-विषय, विद्यार्थी-शिक्षक. गाईड मॅडम म्हणतात, तिसरी रेघ काढून टाक. वर्गमित्र म्हणतात, ती नसेल तर कोणत्या मुलाला कोण शिकवतं हे कळणारच नाही. कोणाचं बरोबर?

संतोष, सातारा: ड्रॉ डॉट आयओ वापर, फुकट आहे. एंटिटीला चौकोन, नात्याला डायमंड, सगळं तयार मिळतं.

ऋतुजा: दादा, चित्र काढून झालंय. रेघ ठेवायची की नाही, एवढंच अडलंय.

निखिल, कुपवाड: वर्गमित्रांचं बरोबर आहे. प्रत्यक्षात शिक्षक मुलांना शिकवतात, मग ते नातं चित्रात नको का? शाळेत जे आहे ते चित्रात आलंच पाहिजे.

शिंदे सर, मिरज: निखिल, नातं खरं आहे. पण तीन खरी नाती वेगवेगळी लिहिली की त्यातून चौथी खोटी गोष्ट तयार होते. आठवीचंच बघा. जाधव सर अ तुकडीला गणित आणि ब तुकडीला विज्ञान शिकवतात. ब तुकडीचं गणित कुलकर्णी बाईंकडे आहे. आता ब तुकडीतला एक मुलगा घ्या. तो गणित शिकतो, हे खरं. जाधव सर गणित शिकवतात, खरं. जाधव सर त्या मुलाला शिकवतात, हेही खरं, कारण विज्ञान त्यांच्याकडे आहे. आता ही तीन टेबलं जोडा:

```sql
SELECT * FROM vidyarthi_vishay
JOIN shikshak_vishay USING (vishay_id)
JOIN vidyarthi_shikshak USING (vidyarthi_id, shikshak_id);
```

या मुलाच्या दोन ओळी यायला हव्यात, येतात तीन. तिसरी ओळ सांगते की जाधव सर त्याला गणित शिकवतात. एकही नोंद चुकीची नसताना उत्तर चुकलं. ऋतुजा, तुझ्या चित्रात हे होतंय का ते बघायचं असेल तर एकाच शिक्षकाला दोन तुकड्यांत दोन वेगळे विषय देऊन दहा-बारा ओळी भर आणि ही क्वेरी चालव. एक शिक्षक एकच विषय अशी माहिती भरलीस तर चूक दिसणारच नाही, आणि बहुतेक प्रोजेक्टमध्ये तशीच भरलेली असते.

निखिल: हे पटलं. मग तिघांना जोडणारा एकच डायमंड काढू. पीटर चेन यांनी 1976 साली ही पद्धत मांडली तेव्हापासून तीन एंटिटींचं नातं चालतंच. विद्यार्थी, विषय, शिक्षक एकाच ओळीत येतील, खोटी ओळ येणार नाही.

शिंदे सर, मिरज: खोटी ओळ जाईल, हे बरोबर. पण ब तुकडीत 42 मुलं असतील तर "गणित कुलकर्णी बाई शिकवतात" ही एकच गोष्ट 42 वेळा लिहिली जाईल. बाई रजेवर गेल्या की 42 ओळी बदला. त्यातली एक राहिली तर एका मुलाच्या प्रगतिपुस्तकावर जुनंच नाव छापलं जाईल, आणि डेटाबेस ते अडवणार नाही. शिवाय जूनमध्ये मुलांचे प्रवेश व्हायच्या आधी शाळा शिक्षकांना विषय वाटून देते. ते वाटप लिहायला या टेबलात जागाच नाही, कारण विद्यार्थी असल्याशिवाय ओळ तयार होत नाही.

म्हणून मला चौथी एंटिटी हवी वाटते. तिला मी 'अध्यापन' म्हणतो. 2025-26, आठवी ब, गणित, कुलकर्णी बाई: ही एक ओळ. वर्ष, तुकडी आणि विषय मिळून युनिक. मुलगा तुकडीला जोडलेला, शिक्षक अध्यापनाला जोडलेला. कोण कोणाला शिकवतं हे त्यातून निघतं, थेट रेघ लागत नाही. मॅडमचं म्हणणं इथवर बरोबर आहे. पण नुसती रेघ पुसून भागणार नाही, तिच्या जागी ही एंटिटी आली पाहिजे.

मंगलताई, तासगाव: मी एका शाळेच्या ऑफिसला आहे. रेघेचं मला कळत नाही, पण एक सांगते. मागं आम्हाला एकानं सॉफ्टवेअर करून दिलं होतं, त्यात जनरल रजिस्टरचा नंबरच मुलाची ओळख धरला होता. संस्थेची दुसरी शाळा त्यात घातली आणि दोन्हीकडं 214 नंबरची मुलं निघाली. एकाचा दाखला काढला तर दुसऱ्याची जन्मतारीख आली. पालक काउंटरवर रडायला लागले. तेवढं बघा गं बाई.

शिंदे सर, मिरज: ताई, हे फार मोलाचं आहे. रजिस्टर नंबर त्या शाळेपुरताच युनिक असतो. एकच शाळा असेल तरी ऋतुजाने विद्यार्थ्याला स्वतंत्र आयडी द्यावा. रजिस्टर नंबर साधा अ‍ॅट्रिब्यूट ठेवावा, आणि तो शाळेच्या 11 अंकी यूडायस कोडसह युनिक करावा.

प्रकाश, पलूस: सर, मी संस्कृत शिकवतो आणि तुमचं अध्यापन माझ्या वर्गात बसत नाही. आठवीला काही मुलं पूर्ण हिंदी घेतात, काही संस्कृत-हिंदी संयुक्त. आमच्याकडे संस्कृतच्या तासाला अ आणि ब मधली मुलं एका खोलीत येतात, उरलेली हिंदीला जातात. माझा वर्ग कोणत्या तुकडीचा लिहायचा? अ लिहिलं तर ब मधली माझी मुलं गेली. दोन्ही लिहिलं तर हिंदीवाल्या मुलांची नावंही माझ्या हजेरीत येणार.

शिंदे सर, मिरज: प्रकाशजी, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत, माझी मांडणी इथे मोडते. मी तुकडी आणि शिकवायचा गट एकच धरले होते. म्हणजे अध्यापनाला तुकडी जोडायची नाही. प्रत्येक अध्यापन हा एक गट धरायचा, आणि मूल थेट त्या गटाला जोडायचं. मूल आणि गट मेनी-टू-मेनी, मधलं टेबल 'नोंदणी'. गुणही नोंदणीला सत्रानुसार जोडायचे, मुलाला नाहीत. तुकडी उरते हजेरीपुस्तक आणि वर्गशिक्षकासाठी.

मंगलताई, तासगाव: म्हणजे प्रत्येक मुलाचा प्रत्येक विषय वेगळा भरायचा? ऑगस्टमध्ये पोरगं ब मधून अ मध्ये गेलं की नऊ विषयांच्या नऊ नोंदी मीच बदलायच्या?

निखिल: मला ताईंचं पटतं. 42 मुलं गुणिले नऊ विषय, 378 ओळी, आणि त्यातल्या बहुतेक तुकडीवरूनच कळतात. सक्तीचे विषय तुकडीवरून काढू, नोंदणी फक्त भाषेच्या पर्यायाला ठेवू.

शिंदे सर, मिरज: मग "या मुलाचे विषय कोणते" या एकाच प्रश्नाला दोन वाटा झाल्या. गुणपत्रिकेची प्रत्येक क्वेरी दोन्हीकडं बघणार, आणि एखादीत कोणीतरी दुसरी वाट विसरणार. 378 ओळी डेटाबेसला काहीच नाहीत. तुकडी निवडली की नऊ नोंदी आपोआप पडतील असा स्क्रीन करता येतो. तुकडी बदलली की जुनी नोंदणी त्या तारखेला बंद आणि नवी सुरू, म्हणजे पहिल्या घटक चाचणीचे गुण जुन्या गटातच राहतील.

निखिल: तो स्क्रीन बिघडला तर तुकडी एक सांगणार आणि नोंदणी दुसरं. मला अजून दोन वाटाच बऱ्या वाटतात.

प्रकाश, पलूस: आणि बाई डिसेंबरमध्ये बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तर? गटाच्या ओळीत शिक्षकाचं नाव बदललं की पहिल्या सत्राचे पेपर कोणी तपासले ते पुसलं जातं. माझ्या मते शिक्षक गटाच्या ओळीत नकोच. गट आणि शिक्षक यांच्यात तारखांसह वेगळं नेमणूक टेबल हवं.

ऋतुजा: तिसरी रेघ काढली. गट आणि नोंदणी घातली, रजिस्टर नंबर कीमधून काढला. जाधव सरांचं उदाहरण भरून नव्या टेबलांवर क्वेरी लिहून चालवली, आता दोनच ओळी येतात. नेमणुकीचं टेबल आजच काढते. निखिलदादांच्या दोन वाटांचं मात्र मला अजून ठरवता येत नाही. सोमवारी शाळेत जाऊन तिथल्या क्लार्कबाईंना विचारते, वर्षात किती मुलं तुकडी बदलतात.

मंगलताई, तासगाव: जूनचं विचारू नको, सहामाहीनंतरचं विचार. आमच्याकडं तेव्हाच जास्त बदलतात.