मदत हवी आहे: क्लेम ३ मधली 'सदर स्प्रिंग' कुठे लटकवू?

बाटलीच्या झाकणाच्या पेटंटचे क्लेम एका लांबलचक परिच्छेदात होते, ते तोडून नंबर टाकतोय. क्लेम १ इंडिपेंडंट: बॉडी, झाकण आणि झाकणातला व्हॉल्व्ह. क्लेम २ मध्ये, १ वर डिपेंडंट, व्हॉल्व्ह बंद ठेवणारी 'एक स्प्रिंग' येते. क्लेम ३ पण १ वरच आहे आणि त्यात थेट 'सदर स्प्रिंग स्टीलची आहे' म्हटलंय, म्हणजे १ मध्ये नसलेल्या गोष्टीला 'सदर'! व्हॉल्व्ह, झडप, बंद करणारा भाग अशी तीन नावं होती ती सगळीकडे व्हॉल्व्ह केली, वर्णनातही, आकृतीतला नंबर १४ तोच ठेवला. स्प्रिंग क्लेम १ मध्ये घ्यायची नाही, स्कोप उगाच अरुंद होतो. मग क्लेम ३ ला २ वर डिपेंडंट करू, की १ वरच ठेवून त्यात 'एक स्प्रिंग' नव्याने आणू?