शब्दचर्चा : ‘ध्येय’, ‘उद्दिष्ट’ की ‘निष्पत्ती’? आणि सूज नेमकी ‘किती’ कमी?

तिसरं_वर्ष
नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हार्ट फेल्युअरच्या एका आजींचा केअर प्लॅन मराठीत लिहायचाय. तक्त्यात ‘गोल’ आणि ‘एक्स्पेक्टेड आउटकम’ असे दोन रकाने आहेत. मी पहिल्याला ‘ध्येय’ म्हटलं, दुसऱ्याला ‘उद्दिष्ट’. बाईंनी दोन्हींभोवती लाल गोल काढून शेजारी लिहिलं, ‘फरक काय? आणि मोजणार कसं?’

आजी ६४ वर्षांच्या. सोमवारी सकाळी दाखल झाल्या तेव्हा वजन ६८.४ किलो, दोन्ही पायांना नडगीपर्यंत सूज, अंगठा दाबून पडणाऱ्या खड्ड्यावरून ३+, थोडं चाललं तरी दम. शिरेतून फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध चालू आहे. समस्या ‘शरीरात द्रव साचणे’ अशी धरली. मी लिहिलेलं असं :

ध्येय : आजींची सूज कमी होईल.
उद्दिष्ट : आजींना बरं वाटेल, आहाराचं महत्त्व समजेल, रोज वजन केलं जाईल, बीपी नॉर्मल राहील.

कोणते शब्द वापरू?

कोशकीटक
‘ध्येय’ आयुष्याचं असतं, तीन दिवसांच्या इस्पितळाचं नाही. ‘उद्दिष्ट’ त्यामानाने जमिनीवरचं. दुसऱ्या रकान्याला ‘निष्पत्ती’ सुचवतो. शाळांच्या कागदपत्रांत ‘अध्ययन निष्पत्ती’ रुळला आहे, शिक्षकांना नवा वाटणार नाही. ‘परिणाम’ मात्र नको. औषधाचा परिणाम, दुष्परिणाम असं सगळं त्यात येऊन बसतं.

प्रमोद_४
थांबा, हार्ट फेल म्हणजे हृदय बंद पडणं ना? मग वजनाचं काय घेऊन बसलात? माझ्या वडिलांना अ‍ॅटॅक आला, दोन स्टेंट टाकले, वजनाचा काटा कोणी जवळसुद्धा आणला नाही.

माधवी_सिस्टर
प्रमोदजी, तुमच्या वडिलांचं दुखणं वेगळं. तिथे हृदयाला रक्त नेणारी नळी बंद झाली होती. इथे हृदय बंद पडलेलं नाही, ते पुरेशा जोराने रक्त पुढे ढकलत नाही. मग मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात आणि ते पायांत, फुप्फुसांत साचतं. साधारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन-तीन दिवसांत तीन किलो चरबी कोणाची वाढत नाही, पाणी मात्र वाढतं. म्हणून इथे काटा म्हणजे पाण्याचं माप. ‘हृदय निकामी होणे’ हा शब्दच असा आहे की घरची माणसं ऐकून रडायला लागतात. मी ‘हृदयाची ताकद कमी पडतेय’ म्हणते.

आता मूळ प्रश्न. शब्द कुठलाही घ्या, पण दोन रकाने वेगळं काम करतात. पहिल्यात कुठल्या दिशेने जायचं ते एका वाक्यात : ‘शरीरात साचलेला जादा द्रव कमी होईल.’ यात आकडा नसला तरी चालतो. दुसऱ्यात ती दिशा खरंच गाठली हे ज्यावरून ठरवायचं ती खूण. ती इतकी नेमकी हवी, की तुम्ही सुट्टीवर असाल तर रात्रपाळीची सिस्टर केवळ कागद वाचून ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ म्हणू शकेल. ‘सूज कमी होईल’ हे पहिल्या रकान्यात ठीक आहे. दुसऱ्यात तेच लिहिलं तर ३+ ची २+ झाली तरी खरं आणि अंगठ्याचा खड्डा जरा उथळ झाला तरी खरं.

अर्धविराम
माझी बहीण नर्स आहे, म्हणून थोडं ठाऊक आहे. नियम सोपा : ‘समजणे’, ‘वाटणे’, ‘कळणे’ ही क्रियापदं बाद. आत काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. ‘सांगेल’, ‘दाखवेल’, ‘चालेल’ अशी दिसणारी क्रियापदं घ्या.

कोशकीटक
गंमत म्हणजे मराठीत ही बाद क्रियापदं ओळखायची खूण तयारच आहे : ‘आजींना समजेल’, ‘आजींना वाटेल’. जिथे माणसाला ‘-ना’ किंवा ‘-ला’ लागतो, तिथे बहुतेक वेळा गोष्ट त्याच्या आत घडते. ‘आजी सांगतील’मध्ये आजी स्वतः काहीतरी करतात आणि आपण ते ऐकतो.

माधवी_सिस्टर
खूण छान, मी वर्गात वापरणार. पण अर्धविराम, तुमचा नियम अर्धाच बरोबर. ‘आजींना दम लागणार नाही’ यातही ‘-ना’ आहे, तरी ते टाकून कसं चालेल? दम हीच तर त्यांची मुख्य तक्रार. ती मोजायची तर आजींच्याच तोंडून : ‘पलंगापासून बाथरूमपर्यंत चालून आल्यावर आजी दम ० ते १० मध्ये ३ किंवा त्याहून कमी सांगतील.’ आज त्या ७ सांगतात असं धरू. वाटणं आतलंच राहिलं, पण आकडा बाहेर आला. ‘आहाराचं महत्त्व समजेल’ हे मात्र खोडा. त्याजागी आजी लोणचं, पापड यांसारखे खारट पदार्थ स्वतः ओळखून सांगतील, असं काहीतरी.

आणि ‘रोज वजन केलं जाईल’ ही निष्पत्ती नाहीच. ते तुमचं काम आहे, त्याचा रकाना वेगळा. तुम्ही रोज वजन केलंत आणि ते रोज वाढत गेलं, तरी या वाक्यापुढे ‘साध्य’ची खूण पडेल. विद्यार्थी सगळ्यात जास्त इथेच घसरतात. मराठीत तर ‘केलं जाईल’ लिहिलं की कोण करणार तेही झाकलं जातं. ओळखायचं कसं? वाक्याचा कर्ता शोधा. तो रुग्ण किंवा रुग्णाचं शरीर नसेल, तर वाक्य चुकीच्या रकान्यात आहे.

तिसरं_वर्ष
अरे देवा, माझी निम्मी यादी गेली. आणि बीपी नॉर्मल?

माधवी_सिस्टर
कुणाचं नॉर्मल? या आजारात गोळ्यांवर असलेल्या कित्येकांचं बीपी १००/६४ च्या आसपास असतं आणि ते त्यांना मानवतं. १२०/८० धरून बसलात तर निष्पत्ती कधीच साध्य होणार नाही, वर कोणीतरी उगाच घाबरेल. डॉक्टरांनी या रुग्णासाठी ठरवलेली मर्यादा लिहा. ईएफ म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते. एका मुलाने मागे ‘ईएफ ३० टक्क्यांवरून ५० टक्के होईल, मुदत तीन दिवस’ असं लिहिलं होतं. आकडा होता, मुदत होती, मोजताही आलं असतं! फक्त तसं तीन दिवसांत घडत नाही आणि आपल्या शुश्रूषेने तर नाहीच.

तिसरं_वर्ष
हे बघा जमलंय का :
‘४८ तासांपर्यंत आजींचं वजन १.५ किलोपर्यंत कमी होईल.’

कोशकीटक
दोन्ही ‘पर्यंत’ धोक्याचे. ‘१.५ किलोपर्यंत कमी’ म्हणजे जास्तीत जास्त दीड, म्हणजे अर्धा किलो उतरला तरी वाक्य खरं. तुम्हाला ‘१.५ किलोने’ म्हणायचंय. ‘४८ तासांपर्यंत’ म्हणजे तोवर सतत उतरत राहील, की त्या मुदतीच्या आत केव्हातरी? ‘४८ तासांत’ लिहा, किंवा सरळ वार आणि वेळ. शिवाय ‘कमी होईल’ने चाललेली क्रिया दिसते. तुम्हाला ठरल्या क्षणाची स्थिती तपासायची आहे, तर ‘असेल’.

अर्धविराम
‘बुधवारपर्यंत पैसे देतो’ म्हटलं की सगळे मुदतच समजतात हो. उगाच कीस पाडताय.

कोशकीटक
पैसे एकदाच द्यायचे असतात. ‘बुधवारपर्यंत सूज कमी राहील’ म्हणून बघा.

माधवी_सिस्टर
मला ‘असेल’ पटलं. मी असं लिहीन :

‘बुधवारी सकाळी ६ वाजता, लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, दाखल होतानाच्याच काट्यावर आजींचं वजन ६६.९ किलो किंवा त्याहून कमी असेल.’

वाक्य लांबलं, पण यातला एकही तुकडा शोभेचा नाही. दीड किलोचा आकडाही हवेतून आणलेला नाही. दोन महिन्यांपूर्वी सूज नसताना त्यांचं वजन ६४ होतं आणि डॉक्टरांनी तिथवर हळूहळू यायचं लिहिलंय, असं धरते. तसं नोंदीत नसेल तर विचारा, हा आकडा विद्यार्थ्याने स्वतः ठरवायचा नसतो.

कोशकीटक
भाषेपुरतं विचारतो : ‘किंवा त्याहून कमी’मध्ये ६२ सुद्धा बसतं. दोन दिवसांत सहा किलो गेले तरी ‘साध्य’?

माधवी_सिस्टर
पकडलंत! इतकं पाणी एवढ्या झपाट्याने काढलं तर उभं राहताच बीपी पडेल, चक्कर येईल, मूत्रपिंडांवर ताण येईल, पोटॅशियम घसरेल. म्हणून जोडीला तळ दाखवणारं वाक्य हवं : ‘आजी पलंगावरून उठून उभ्या राहतील तेव्हा चक्कर येत नाही असं सांगतील आणि वरचं बीपी २० पेक्षा कमीने उतरेल.’ वीस वर्षं शिकवतेय, पण वजनाच्या वाक्यातलं हे भोक भाषावाल्याने दाखवावं लागलं.

तिसरं_वर्ष
आज बुधवार. सकाळी पोटात खड्डा पडला. नोंद ६७.८! ‘असाध्य’ लिहायला पेन काढला, मग चौकशी केली. पहाटेच्या मुलीने चहानंतर, शाल आणि चपलांसकट, दुसऱ्या मजल्यावरच्या काट्यावर वजन केलं होतं. मूळ काट्यावर शाल-चपला काढून परत केलं : ६६.८. चहा अजून पोटातच होता. उभं राहून बीपी १०२ वरून ९६, चक्कर नाही. दम ४ सांगितला, मी ३ ठरवला होता. सूज ३+ वरून २+ झालीय, पण मी १+ लिहिलं होतं. ‘अंशतः साध्य’ लिहू?

माधवी_सिस्टर
सगळ्यावर मिळून एक शिक्का मारू नका. प्रत्येक वाक्यापुढे वेगळं लिहा : वजन साध्य, बीपी साध्य, दम अंशतः, सूज अंशतः. नुसतं ‘अंशतः’ वाचून पुढच्या पाळीला काहीच कळत नाही. प्रत्येकाशेजारी आजचा आकडा आणि पुढे काय, तीच निष्पत्ती शुक्रवारपर्यंत वाढवायची की बदलायची. (‘शुक्रवारपर्यंत’ लिहिलं, माफी असावी.) सुजेचा आकडा जपून वाचा. खड्ड्याचा अंदाज दोन सिस्टरांचा दोन प्रकारचा असतो, शक्यतो एकाच माणसाने एकाच जागी अंगठा दाबावा. मी तर सुजेऐवजी घोट्याचा घेर टेपने मोजायला सांगते. काही जणींना ते पटत नाही.

प्रमोद_४
सिस्टर, घरी गेल्यावर आजींनी किती वाढलं की घाबरायचं? शेजारच्या काकूंनाही हेच आहे.

माधवी_सिस्टर
तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढलं की कळवा, असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. काही जण त्याहून आधीच बोलावतात. काकूंच्या डिस्चार्ज कार्डावर असेल तो आकडा खरा. तिसरं_वर्ष, ही तुमची शेवटची निष्पत्ती होऊ शकते : ‘घरी जाण्याआधी आजी किती वजन वाढलं तर कोणाला फोन करायचा हे न बघता सांगतील.’

तिसरं_वर्ष
लिहिते. पण रकान्याच्या डोक्यावर काय लिहू? मैत्रीण म्हणते ‘निष्पत्ती’ वाचून आजी विचारतील, मला काय झालंय बाई.

अर्धविराम
‘दिसायला हवं ते’ लिहा.

कोशकीटक
शासकीय कागदावर ‘दिसायला हवं ते’? ‘अपेक्षित फलित’ तरी म्हणा. माझं मत अजून ‘निष्पत्ती’लाच.

तिसरं_वर्ष
बाईंनी आत्ताच वही परत दिली. वाक्यांना बरोबरच्या खुणा आहेत. ‘निष्पत्ती’भोवती पुन्हा लाल गोल.